चार लेबलं, एक मूळ: ज्येष्ठमध, रक्तदाब आणि पोटॅशियमचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण डिचोली तालुक्यातल्या एका कुटुंबातलं आहे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. उत्पादनांची आणि डॉक्टरांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण इथे जे घडलं ते कुठल्याही कंपनीच्या बाटलीने घडू शकलं असतं.

मी फार्मसिस्ट आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांना वाड्यावर सगळे काकी म्हणतात, म्हणून इथेही काकीच. वय साठीच्या पुढे, शाळेतून निवृत्त. सहा-सात वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास, पण तो औषधांनी नीट आटोक्यात होता. रोज सकाळी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. त्यांच्या वहीतल्या नोंदी १३० च्या आसपास वर आणि ८० च्या आसपास खाली अशा होत्या. मधुमेह नाही, किडनीचा त्रास नाही, आदल्या वर्षीच्या रक्ततपासण्या सरळ.

पावसाळा लागताच काकींना कोरडा खोकला सुरू झाला. आषाढात गोव्यातल्या घरांत जो ओलावा भरून राहतो, त्यात तो लांबला. त्या गावातल्या वैद्यांकडे गेल्या. वैद्यांनी ज्येष्ठमधाचं चूर्ण दिलं: अर्धा चमचा, दिवसातून दोनदा, मधातून, सात दिवस. खोकला कमी झाला आणि बरोबरीने जुनी आम्लपित्ताची जळजळही थांबली. इथून गोष्ट बदलली. सात दिवसांचं चूर्ण काकींनी पुढे चालू ठेवलं आणि अर्ध्याचा पूर्ण चमचा झाला. मुलाने ऑनलाइन मागवलेलं खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप घरात होतं, तेही सुरू झालं. म्हापशाच्या भाचीने ॲसिडिटीच्या आयुर्वेदिक गोळ्या आणून दिल्या. एका प्रदर्शनातून आणलेला काढ्याचा चहा संध्याकाळच्या चहाच्या जागी आला. प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाने, वेगळ्या कारणासाठी आणि चांगल्या भावनेने आणलेली होती.

समस्या

चवथीच्या आधी काकींच्या पायांना सूज दिसू लागली. संध्याकाळपर्यंत घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडून राहायचा. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान निवडायला जमिनीवर बसल्या आणि उठताना मांड्यांत जोरच आला नाही, सुनेला हात द्यावा लागला. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. घरच्यांनी ते दगदगीवर आणि वयावर ढकललं. नंतर रक्तदाब मोजला तर १७२/९८.

फॅमिली डॉक्टरांनी तपासलं आणि क्लोरथॅलिडोन दुप्पट, म्हणजे २५ मिलिग्रॅम लिहून दिलं. हा निर्णय समजून घेण्यासारखा आहे. दाब वाढलेला, पायांवर सूज. क्लोरथॅलिडोन ही लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी, म्हणून दोन्हींवर एकच उपाय. ॲम्लोडिपिन वाढवलं असतं तर सूज आणखी वाढण्याचा संभव होता, कारण घोट्यांना सूज हा त्या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे. आधीच्या तपासण्या सरळ असल्याने नव्या सांगितल्या गेल्या नाहीत. डॉक्टरांनी दुसरी औषधं चालू आहेत का, हेही विचारलं होतं. काकींनी मनापासून उत्तर दिलं होतं: नाही.

मुलगा नवी चिठ्ठी घेऊन आमच्या दुकानात आला. वर्षानुवर्षं सारखी चाललेली मात्रा एकाएकी दुप्पट झालेली दिसली की मी कारण विचारते. त्याने सूज सांगितली, दाब सांगितला आणि बोलता बोलता जमिनीवरून उठता न येणंही सांगितलं. हे तिसरं लक्षण पहिल्या दोघांशी जुळत नव्हतं. रक्तदाब वाढला म्हणून मांड्यांतली ताकद जात नाही. वाढलेला दाब, सूज आणि स्नायूंची कमजोरी एकत्र आली की पोटॅशियम तपासायला हवं. त्यात माणूस क्लोरथॅलिडोनवर असेल तर हवंच हवं.

“आई दुसरं काय घेते?” मी विचारलं.

“दुसरं औषध काहीच नाही, ताई.”

“औषध राहू दे. खोकल्याचं, पोटाचं, चूर्ण, काढा, चहा, असं काही?”

“ते घेते. पण ते आयुर्वेदिक आहे.”

मी त्याला घरी जाऊन सगळ्या बाटल्या, डबे आणि पाकिटं एका पिशवीत घालून आणायला सांगितलं. नवीन गोळ्या तोपर्यंत दिल्या नाहीत.

लेबलं वाचताना

पिशवीत तीन वस्तू लेबलासकट होत्या. चौथी स्टीलच्या छोट्या डब्यात होती: पिवळसर, तंतुमय, जिभेवर ठेवताच गोड लागणारी पूड. पाकीट टाकून दिलेलं होतं. घरातल्या सगळ्या औषधांत सर्वांत जास्त घेतली जाणारी वस्तू नेमकी लेबल नसलेली निघाली. नशिबाने चूर्ण कुठल्या दुकानातून आणलं ते मुलाला माहीत होतं. त्याच कंपनीचं नवं पाकीट मागवून घेतलं.

आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर काय असलं पाहिजे, हे औषधे नियम, १९४५ मधल्या नियम १६१ मध्ये सांगितलेलं आहे. घटकांची पूर्ण यादी, वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला, कोणत्या रूपात वापरला आणि किती वापरला. म्हणजे वाचण्यासारखं बरंच असतं. फक्त ते बारीक अक्षरांत, लघुरूपांत आणि प्रत्येक बाटलीवर वेगळ्या मापात असतं. एकीवर “प्रत्येक १० मिलिलिटरमध्ये”, दुसरीवर “प्रत्येक गोळीत”, तिसरीवर “प्रत्येक १० ग्रॅममध्ये”. म्हणून पहिली पायरी म्हणजे लेबलावरचं माप माणसाच्या रोजच्या मात्रेत उतरवणं.

चूर्णाच्या पाकिटावर एकच घटक होता: यष्टिमधु, ग्लिसरायझा ग्लॅब्रा, मूळ, १० ग्रॅममध्ये १० ग्रॅम. काकींचा चमचा मुलाने बरोबर आणलाच होता. सपाट भरून वजन केलं तर ३ ग्रॅमच्या जवळ आलं. दिवसातून दोनदा, म्हणजे रोज ६ ग्रॅम. भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, ज्येष्ठमधाच्या चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे. वैद्यांनी सांगितलेला अर्धा चमचा दोनदा, म्हणजे ३ ग्रॅम, या मर्यादेत बसत होता. काकींची मात्रा बसत नव्हती.

सिरपच्या बाटलीवर अडुळसा, कंटकारी, पिंपळी, तुळस या रांगेत यष्टिमधु होतं: १० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम. काकी १० मिलिलिटर दिवसातून तीनदा घेत होत्या. रोजचे ६०० मिलिग्रॅम.

ॲसिडिटीच्या गोळीवर नाव होतं मुलेठी आणि त्यापुढे अर्क असल्याचं लघुरूप: प्रत्येक गोळीत २५० मिलिग्रॅम. रोज चार गोळ्या, म्हणजे १ ग्रॅम अर्क. इथे थांबून विचार करावा लागतो. १ ग्रॅम पूड आणि १ ग्रॅम अर्क सारखे नसतात. अर्क म्हणजे घन केलेला भाग. १ ग्रॅम अर्कासाठी पाच ग्रॅम मूळ लागलेलं असू शकतं, कमीही किंवा जास्तही. ते प्रमाण लेबलावर नव्हतं. यादीच्या खाली, सर्वांत बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: यष्टिमधु क्वाथाची भावना. म्हणजे गोळीचं मिश्रण ज्येष्ठमधाच्या काढ्यात घोटलेलं होतं. त्या काढ्यातून किती उतरलं, याला आकडा नव्हता. यादीची शेवटची ओळ वाचल्याशिवाय यादी वाचली असं म्हणता येत नाही, ते यासाठी.

चौथा काढ्याचा चहा. याच्यावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांकच नव्हता, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक होता. म्हणजे कायद्याच्या नजरेत तो खाद्यपदार्थ. खाद्यपदार्थाच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पण प्रत्येकाचं प्रमाण देणं बहुतेक वेळा बंधनकारक नसतं. यादीतला पहिला घटक आलं आणि दुसरा लिकरिस होता. चहातला दुसरा सर्वांत मोठा घटक ज्येष्ठमध, एवढंच कळलं. किती, ते नाही.

चार वस्तूंवर यष्टिमधु, मुलेठी, लिकरिस अशी तीन नावं होती आणि घरात बोलताना ज्येष्ठमध हे चौथं. मुलाने यादी दोनदा वाचली होती, तरी त्याला ही एकच गोष्ट आहे हे दिसलं नव्हतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर ते साहजिक आहे. म्हणूनच शास्त्रीय नाव पाहायचं असतं, पण ते चहाच्या पाकिटावर नव्हतं.

हिशेब

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची असते आणि त्रासही त्याच्यामुळेच होतो. आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि ते रूप रक्तातून किडनीत पोहोचतं. किडनीत एक एन्झाइम असतं. शरीरात भरपूर असलेलं कॉर्टिसोल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन बसू नये म्हणून ते कॉर्टिसोलला निष्क्रिय करत असतं. ज्येष्ठमध या एन्झाइमला रोखतं. मग कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं: मीठ आणि पाणी शरीरात अडवलं जातं, पोटॅशियम लघवीवाटे बाहेर जातं. दाब वाढतो, सूज येते, स्नायू दुबळे होतात, आणि पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाची लय बिघडते. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम बाहेर टाकतं, फक्त वेगळ्या वाटेने. दोन्ही एकाच दिशेने ओढत होती.

युरोपीय फार्माकोपियात ज्येष्ठमधाच्या मुळात या द्रव्याचं प्रमाण किमान ४ टक्के असावं लागतं. तो आकडा धरून मी काकींचा दिवस मांडला. ६ ग्रॅम चूर्णातून २४० मिलिग्रॅम. सिरपमधून २४. गोळ्यांतला १ ग्रॅम अर्क साध्या पुडीइतकाच धरला तर ४०, पाचपट घन धरला तर २००. म्हणजे चहा आणि भावना सोडून रोज ३०० ते ४६० च्या दरम्यान. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००३ साली नियमित सेवनासाठी रोज १०० मिलिग्रॅमची वरची मर्यादा सुचवली होती. काकी हे दोन महिने घेत होत्या.

हा अंदाज आहे, मोजमाप नाही. ४ टक्के हा किमान आकडा आहे, प्रत्यक्ष मुळातलं प्रमाण जमीन आणि हंगामाप्रमाणे बदलतं, आणि सिरपमधले २०० मिलिग्रॅम मुळाचे की अर्काचे हे लेबलावरून स्पष्ट होत नव्हतं. पण एकट्या चूर्णानेच मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली होती, त्यामुळे निष्कर्ष बदलण्याइतकी ही अनिश्चितता मोठी नव्हती.

दोन प्रकारच्या पट्ट्यांतला फरक

काकींची क्लोरथॅलिडोनची पट्टी मी त्याच टेबलावर ठेवली होती. तिच्यावर फार थोडं लिहिलेलं असतं: नाव, मिलिग्रॅम, फार्माकोपियाचं चिन्ह, बॅच, तारीख. ज्येष्ठमधाच्या लेबलापुढे ती मोकळी वाटते. पण त्या १२.५ या आकड्यामागे बरंच काही उभं असतं. गोळीत तेवढंच औषध आहे हे फार्माकोपियाने ठरवलेल्या मर्यादेत तपासलेलं असतं, आणि त्या मात्रेला माणसांत काय होतं ते मोजलेलं असतं. काकींच्या दोन्ही गोळ्या एकाच मोठ्या चाचणीत समोरासमोर होत्या: २००२ साली प्रसिद्ध झालेली ऑलहॅट, ३३ हजारांहून अधिक रुग्णांची. चार वर्षांनी क्लोरथॅलिडोन गटात सुमारे साडेआठ टक्के लोकांचं पोटॅशियम ३.५ च्या खाली होतं, ॲम्लोडिपिन गटात दोन टक्क्यांच्या आसपास. या औषधाने पोटॅशियम उतरतं आणि ते तपासत राहायचं असतं, हे आम्हाला माहीत आहे ते कुणीतरी मोजलं म्हणून.

आयुर्वेदिक परवान्याची रचना वेगळी आहे. ग्रंथोक्त औषध ग्रंथात सांगितलेल्या उपयोगासाठीच बनवायचं असेल तर सुरक्षिततेचा स्वतंत्र अभ्यास मागितला जात नाही. परंपरेचा आणि प्रसिद्ध साहित्याचा आधार पुरतो. पेटंट किंवा प्रोप्रायटरी म्हणवल्या जाणाऱ्या औषधातले घटक ग्रंथांतले असले, तर त्यालाही सुरक्षिततेचा अभ्यास लागत नाही. परिणामासाठी छोटा प्राथमिक अभ्यास लागतो. लेबलावर “वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे” ही सूचना औषधे नियमांच्या परिशिष्ट ई (१) मधल्या विषारी द्रव्यांसाठी सक्तीची आहे. वत्सनाभ, कुचला, पारा यांसारखी द्रव्यं त्यात येतात. ज्येष्ठमध येत नाही. त्यामुळे काकींच्या एकाही पाकिटावर रक्तदाबाचा किंवा लघवीच्या गोळ्यांचा उल्लेख नव्हता आणि नियमाप्रमाणे असायलाही नको होता.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ज्येष्ठमधाचा हा परिणाम कुणाला माहीत नव्हता असं नाही. १९४० च्या दशकात नेदरलँड्समधल्या एका डॉक्टरांनी जठराच्या व्रणासाठी ज्येष्ठमध दिलं. व्रण सुधारले आणि काही रुग्णांना सूज आली, तेव्हापासून तो नोंदवलेला आहे. पुढे ज्येष्ठमधापासूनच कार्बेनॉक्सोलोन हे व्रणावरचं औषध निघालं आणि त्यातही दाब वाढणं आणि पोटॅशियम उतरणं हाच त्रास राहिला. काकींची जळजळ थांबली होती ती खोटी नव्हती. ज्या मुळाने गुण आला, त्यानेच त्रास दिला. माहिती होती, ती लेबलापर्यंत आणायला कुठला नियम भाग पाडत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

फार्मसिस्टला चिठ्ठी बदलता येत नाही, ते बरोबरच आहे. मी डॉक्टरांना फोन केला, हिशेब वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच मात्रा वाढवणं थांबवलं. पुढचे पर्याय त्यांचे.

पहिला, लिहिल्याप्रमाणे २५ मिलिग्रॅम चालू करून आठवड्याने तपासणं. पोटॅशियम आधीच उतरलं असेल तर हे धोक्याचं होतं. दुसरा, फक्त चूर्ण बंद करून सिरप आणि गोळ्या चालू ठेवणं. काकींना हेच हवं होतं, कारण जळजळ परत येईल अशी भीती होती. पण मग सुधारणा झाली नाही तर कारण ज्येष्ठमध नव्हतं की उरलेलं ज्येष्ठमध पुरेसं होतं, ते कळलंच नसतं. तिसरा, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांच्या तपासण्या. अल्डोस्टेरॉन जास्त बनवणारी ॲड्रिनल ग्रंथीची गाठ असेच परिणाम देते. तिच्यात अल्डोस्टेरॉन वाढलेलं असतं, तर ज्येष्ठमधात दोन्ही खाली गेलेली असतात. तपासणी उपयोगी होती, पण महाग, अहवालाला वेळ लागणारी, आणि चालू औषधांमुळे वाचायला अवघड. चौथा, चारही वस्तू एकदम बंद करणं, त्याच दिवशी सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजी काढणं आणि त्यावरून ठरवणं.

डॉक्टरांनी चौथा पर्याय घेतला आणि तिसरा राखून ठेवला: तीन-चार आठवड्यांत दाब आणि पोटॅशियम जागेवर आलं नाही तर संप्रेरकांच्या तपासण्या करायच्या. वस्तू बंद करणं हीच इथे उपचार आणि तपासणी दोन्ही होती.

केलेली कृती

त्याच संध्याकाळी अहवाल आला. पोटॅशियम २.७. ते साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असावं लागतं. ईसीजीत पोटॅशियम उतरल्याच्या खुणा होत्या. घरी ठेवून चालणार नव्हतं, म्हणून काकींना रुग्णालयात दाखल केलं.

क्लोरथॅलिडोन पूर्ण थांबवलं, ॲम्लोडिपिन ५ वरच ठेवलं. पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण तोंडावाटे सुरू झालं आणि थोड्या काळासाठी स्पायरोनोलॅक्टोन, जे अल्डोस्टेरॉनच्या जागा अडवून गळती थांबवतं. घरच्यांनी विचारलं की शहाळ्याचं पाणी आणि केळी देऊन भागणार नाही का. दोन्हींत पोटॅशियम असतं, पण किडनी ते बाहेर टाकतच असताना आणि हृदयाच्या आलेखात फरक दिसत असताना त्यावर विसंबता येत नाही.

जळजळीसाठी डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं. हे महत्त्वाचं होतं. ज्या त्रासासाठी माणूस एखादी गोष्ट घेत असतो, त्या त्रासाची सोय न लावता ती बंद करायला सांगितली, तर ती गुपचूप परत सुरू होते.

वैद्यांशीही मी बोलले. त्यांना धक्का बसला, कारण त्यांनी सात दिवसांचंच चूर्ण दिलं होतं आणि काकी परत दाखवायला आल्या नव्हत्या. रक्तदाब आणि सूज असणाऱ्याला ज्येष्ठमध जपून द्यावं हे तेही मानतात. काकी लघवीची गोळी घेतात हे त्यांना सांगितलं गेलं नव्हतं. डॉक्टरांना चूर्ण माहीत नव्हतं, वैद्यांना गोळी माहीत नव्हती.

परिणाम

चौथ्या दिवशी पोटॅशियम ३.६ वर आलं आणि काकी घरी आल्या. सूज दहा-बारा दिवसांत उतरली. दाब मात्र लगेच खाली आला नाही, आणि घरच्यांचा धीर सुटला तो इथे. दुसऱ्या आठवड्यातही वरचा आकडा १५० च्या पुढे होता. ज्येष्ठमधाचा परिणाम बंद केल्यावरही दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी घाईने नवीन गोळी वाढवली नाही. महिन्याच्या शेवटी दाब १३४/८२ आणि पोटॅशियम ४.२ होतं. तोवर पोटॅशियमचं द्रावण आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही बंद झाली होती. रेनिन-अल्डोस्टेरॉनची गरज राहिली नाही. पुढे क्लोरथॅलिडोन पुन्हा १२.५ वर सुरू झालं, यावेळी दोन आठवड्यांनी पोटॅशियम तपासून.

ज्येष्ठमध हेच कारण होतं याचा प्रयोगशाळेतला पुरावा या प्रकरणात नाही. लघवीत त्याचं रूपांतरित द्रव्य मोजलं नाही आणि पुन्हा देऊन पाहणं योग्य नव्हतं. मात्रा, काळ, लक्षणांची जुळणी आणि बंद केल्यावर झालेली सुधारणा, यांवरून डॉक्टरांनी तो “संभाव्य” संबंध म्हणून नोंदवला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा निर्णयाचा क्षण मात्रा दुप्पट करण्याचा होता. लघवीच्या गोळीवर असलेल्या माणसाचा आटोक्यातला दाब अचानक चढला, तर गोळी वाढवण्याआधी सोडियम-पोटॅशियम पाहणं ही एका दिवसाची आणि परवडणारी तपासणी आहे. त्या दिवशी ती झाली असती, तर लेबलं नंतर वाचली असती तरी चाललं असतं.

दुसरा क्षण प्रश्नाचा. “दुसरं औषध घेता का” या प्रश्नाला काकींचं उत्तर त्यांच्या दृष्टीने खरं होतं. त्या घरात औषध म्हणजे डॉक्टरांची पट्टी; चूर्ण आणि काढा स्वयंपाकघरातले. आता आमच्या दुकानात चिठ्ठी बदललेली दिसली की आम्ही प्रश्न विचारत बसत नाही, पिशवी मागतो. पूड डब्यात ओतली तरी पाकिटाचा लेबलाचा तुकडा कापून डब्यात टाकायला सांगतो.

तिसरी गोष्ट मुदतीची. “सात दिवस” हे शब्द तोंडीच राहिले. पाकिटावर मात्रा होती, किती दिवस ते नव्हतं. वैद्य आता थांबण्याची तारीख पुडीवर लिहून देतात.

आणि नोंदणीची. औषधाच्या दुष्परिणामांसाठी देशात औषधदक्षता कार्यक्रम आहे, त्याचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. आयुष औषधांसाठी वेगळी यंत्रणा आहे आणि तिचं समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. डॉक्टरांनी आणि मी मिळून फॉर्म भरला. संशयित औषधांच्या रकान्यात तीन उत्पादनं गेली. चहा गेला नाही, कारण तो औषध नव्हता. त्याचा उल्लेख शेऱ्यात केला. चूर्णाच्या ओळीत बॅच क्रमांकाची जागा रिकामी ठेवावी लागली. काकींनी खाल्लेल्या पुडीचं पाकीट गेलं होतं आणि दुकानातून आणलेलं पाकीट दुसऱ्या बॅचचं होतं. एखाद्या बॅचमध्ये ग्लिसरायझिन जास्त होतं का, की भेसळ होती, हे तपासायची वाट तिथेच बंद झाली.

काकी पुन्हा खोकल्या तर काय घ्यायचं, हे वैद्य आणि डॉक्टर दोघांनी मिळून त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे. त्याखाली यष्टिमधु, मधुयष्टी, मुलेठी, जेठीमध, लिकरिस आणि ग्लिसरायझा ही नावं मोठ्या अक्षरांत आहेत. नवी बाटली घरात आली की सून ते पान काढून यादीची शेवटची ओळही ताडून पाहते.